ठेवते हं, आत्या

«माझी आत्या ७३ वर्षांची आहे, कराडला एकटी राहते. काका जाऊन चार वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला असतो. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन येतो आणि तास-दीड तास चालतो. मी ठाण्याला राहते. त्या वेळी नुकतीच ऑफिसातून आलेली असते, स्वयंपाक व्हायचा असतो, मुलाचा अभ्यास असतो. 'दारावर कोणीतरी आलंय', 'ऑफिसचा फोन येतोय' असं काहीतरी खोटं सांगून मी फोन ठेवते. परवा ती म्हणाली, 'तुझ्याकडे रोज साडेआठला कोण येतं गं?' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या, तिनं आमचं खूप केलंय. तिला दुखवायचं नाही, पण आता फोन वाजला की छातीत धस्स होतं. मिस्टर म्हणतात, स्पीकरवर टाक आणि तुझं काम करत राहा. काय करू?»
— भाची, ठाणे

खोटं पकडलं गेल्याची लाज वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या कारणांचा खरा तोटा वेगळाच आहे. दारावर कोणी आलं म्हणून फोन ठेवला, की आत्यांच्या लेखी बोलणं संपलेलं नसतं, मध्येच तुटलेलं असतं. मग उरलेलं सांगायला त्या पुन्हा फोन करतात किंवा दुसऱ्या दिवशी 'काल अर्धवट राहिलं बघ' म्हणून तिथूनच सुरुवात करतात. शिवाय तुमच्याकडे किती वेळ असतो, हे त्यांना कधी कळलेलंच नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे तुम्ही मोकळ्याच असता, फक्त मध्ये कोणीतरी कडमडतं.

मिस्टरांचा सल्ला चांगल्या मनानं दिलेला असला, तरी तो उलटा पडेल. भांड्यांचा आवाज आणि तुमचा एक सेकंद उशिरा येणारा 'हं' आत्यांना बरोबर कळतो. कॅनडातल्या जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एकानं जीव धोक्यात आल्याचा स्वतःचा प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्यानं ऐकायचं, असं त्याचं स्वरूप होतं. काही ऐकणाऱ्यांना मुद्दाम दुसऱ्या कामात गुंतवलं होतं. त्यांच्यापुढे बोलणाऱ्यांची गोष्ट बिघडली आणि ती नेमकी शेवटाला बिघडली. शेवट नीट जमेना म्हणून ते त्याच जागी घुटमळत राहिले, पुन्हा सांगू लागले, ती गोष्ट सांगण्यासारखी कशी आहे हे पटवू लागले. आत्या एकच किस्सा तीनदा सांगत असतील, तर त्याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं. गोष्ट पोचल्याची पावती मिळाली नाही, तर सांगणारा ती परत सांगतो. अर्ध्या कानानं ऐकलेला फोन लांबतो आणि पूर्ण कानानं ऐकलेला लवकर आटोपता येतो.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. २०२१ साली अमेरिकेत ॲडम मॅस्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी संभाषणं नेमकी कधी संपतात, हे तपासलं. दोघांनाही हवं होतं त्या क्षणी संपलेली संभाषणं जवळजवळ सापडलीच नाहीत. जवळच्या माणसांशी झालेल्या गप्पांबद्दल लोकांनी आठवून सांगितलं तेही असंच होतं आणि प्रयोगशाळेत भेटलेल्या अनोळखी जोड्यांमध्येही तेच दिसलं. कारण समोरच्याला दुखवू नये म्हणून प्रत्येक जण आपल्याला किती बोलायचं आहे हे झाकून ठेवतो. तेव्हा रोजच्या दीड तासातला काही भाग आत्यासुद्धा केवळ 'पोरीला वाईट वाटू नये' म्हणून ओढत असतील, अशी शक्यता आहे. तुम्ही मोकळं सांगितल्याशिवाय दोघींनाही ते कळणार नाही.

म्हणून फोन संपवण्याची तयारी फोनच्या सुरुवातीला करायची. वेळ पहिल्याच मिनिटाला सांगायची आणि आनंदानं सांगायची: 'आत्या, सात वाजेपर्यंत मी निवांत आहे, मग वर जाऊन स्वयंपाकाला लागायचंय. सांग, काय काय झालं आज?' यात 'निवांत' हा शब्द सोडू नका. वेळ बांधून दिली असली, तरी त्या वेळात तुम्ही पूर्ण त्यांच्या आहात, हे त्यातून कळतं. तासाभरानंतर 'आता मला काम आहे' म्हटलं, की बोलण्याचा कंटाळा आल्यासारखं वाटतं. हेच आधी सांगितलं, की ती नुसती माहिती असते.

वाक्यातला सात वाजण्याचा उल्लेख मी विचार करून केला आहे. साडेसातला फोन येण्याची वाट पाहू नका, त्याआधी तुम्हीच करा. ऑफिसातून आलात, की वर जाण्याआधी सोसायटीच्या आवारात एखाद्या शांत कोपऱ्यात बसा आणि तिथून रोज पंधरा मिनिटं फोन लावा. रस्त्यातून चालताना नको, गाड्यांच्या आवाजात वयस्कर माणसाला नीट ऐकू येत नाही. रविवारी दुपारी चार वाजता मात्र पाऊण तासाचा ऐसपैस फोन ठरवा. एकट्या राहणाऱ्या बाईला रोजची हाक लागते, त्यामुळे आठवड्याचा एकच मोठा फोन करून रोजचा बंद करू नका. रोजचा छोटा फोन आणि रविवारचा मोठा, या जोडीवर सगळं उभं आहे, कारण छोट्या फोनमध्ये जे मावत नाही त्याला जायला रविवार असतो.

या बदलाबद्दल आत्यांना आधी एकदा नीट सांगा आणि ते रविवारच्याच फोनवर सांगा, घाईच्या वेळी नको. 'आत्या, साडेसातला मी घाईत असते. कानाला फोन आणि हातात पोळी, असं होतं. मग मी काहीतरी कारण काढून ठेवून देते आणि मला स्वतःलाच ते बरं वाटत नाही. आता मीच रोज पावणेसातला करत जाईन.' खोट्याची कबुली एवढ्यात होऊन जाते. त्याहून जास्त माफी मागू नका, नाहीतर तुमचं समाधान करण्याचं काम आत्यांवर येऊन पडेल.

आता प्रत्यक्ष ठेवण्याची वेळ. आपल्याकडे फोन संपवताना नेमकं जे बोललं जातं, त्यानंच तो लांबतो. सगळं बोलून झालं, की आपण सवयीनं 'बाकी काय?' किंवा 'अजून काय विशेष?' म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात 'झालं आता' असतं, पण ऐकणाऱ्याला तो प्रश्न वाटतो आणि प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. शेजारच्या नव्या भाडेकरूंची कथा अशीच सुरू होते. दुसरा घोटाळा 'ठेवू का?' मध्ये आहे. ती परवानगी मागणं झालं, आणि एकट्या माणसाला 'ठेव' म्हणणं जड जातं. 'ठेवते हं' म्हणा. त्यातल्या 'हं'मुळे माया राहते आणि निर्णय झालेला असतो.

पण 'ठेवते हं' अचानक म्हणायचं नाही. एमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोन अभ्यासकांनी १९७३ साली टेलिफोनवरची संभाषणं संपतात कशी, यावर लिहिलं होतं. त्यांच्या लक्षात आलं, की निरोपाआधी माणसं 'बरं तर' सारखं काहीतरी म्हणून एक जागा रिकामी ठेवतात. अजून न निघालेला विषय कोणाला काढायचा असेल, तर ती त्याच्यासाठी असते. दुसऱ्यानंही 'बरं' म्हटलं, की मगच निरोप सुरू होतो. आपल्याकडचं 'अगं हो, सांगायचंच राहिलं!' याच जागी येतं. बरेचदा खरी गोष्टही तिथेच येते, कारण मनाला लागलेलं सांगायला माणूस धीर गोळा करत असतो. ही जागा तुम्ही फोनच्या अगदी शेवटच्या क्षणी दिलीत, तर पेचात सापडता. गुडघ्याचं दुखणं पाच वाक्यांत ऐकून कसं ठेवणार? म्हणून ती जागा पाच मिनिटं आधी, आणि तुम्ही होऊन द्या: 'आत्या, मला पाचेक मिनिटांत वर जायचंय. काही महत्त्वाचं सांगायचं राहिलंय का, दवाखान्याचं, बँकेचं?' असं विचारलं, की महत्त्वाचं पुढे येतं आणि भाडेकरू रविवारवर जातात.

हे विचारायला आत्या थांबायला तर हव्यात, असं तुम्ही म्हणाल. अखंड बोलणारी माणसं वाक्याच्या शेवटी श्वास घेत नाहीत, तिथे घाई करून पुढच्या वाक्यात शिरतात आणि श्वास मध्येच कुठेतरी घेतात. म्हणून वाक्य संपायची वाट पाहणाऱ्याला शिरकाव मिळत नाही. 'हं', 'हो ना', 'अगं बाई' यांनीही ती जागा मिळत नाही, कारण त्यांचा अर्थ 'पुढे सांग' असाच होतो. नावानं हाक मारा. 'आत्या!' म्हटलं, की कोणीही क्षणभर थांबतं. त्या क्षणात आधी त्यांचंच बोलणं एका वाक्यात त्यांना परत द्या आणि मग आपलं म्हणा. एकदम गप्पही होऊ नका. पलीकडून आवाज येईनासा झाला, की 'ऐकतेस ना?' म्हणून गोष्ट पहिल्यापासून सुरू होते.

समजा, सात वाजायला पाच मिनिटं आहेत आणि आत्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत आहेत.

'...आणि तो प्लंबर म्हणतो उद्या येतो, उद्या म्हणजे त्याचा उद्या, मागच्या वेळी पण असंच केलं, तेव्हा तुझे काका होते म्हणून—'

'आत्या! म्हणजे दोन दिवस तू बादलीनं पाणी वर नेतेयस. दमलीस गं तू.'

'दमले तर काय. पाठ धरलीये.'

'आत्या, पाच मिनिटांत मला वर जायचंय. पाठीचं आत्ता सांग. औषध घेतलंस का?'

'घेतली एक गोळी. बरं आहे आता. पण मी काय म्हणत होते, त्या प्लंबरची बायको माहितीये ना, ती आपल्या—'

'आत्या, प्लंबरच्या बायकोचं रविवारी पहिलं ऐकणार. दादाला आज मेसेज करते, तो तिथून दुसरा माणूस बघेल. आता ठेवते हं.'

'अगं, दोन मिनिटं. स्पीकरवर टाक, जिना चढता चढता बोल.'

'नाही आत्या, आता ठेवते. उद्या पावणेसातला करते.'

'बरं. जेवून घे वेळेवर. चिंटूला सांग आजीनं विचारलंय.'

'सांगते. बादली उचलू नकोस. ठेवते हं.'

'ठेव बाई, ठेव.'

या संवादात दोन गोष्टींकडे लक्ष द्या. स्पीकरची सूचना आली, तेव्हा भाचीनं नवं कारण दिलं नाही. 'कुकर लावायचाय' म्हटलं असतं, तर 'मग लाव की, मी थांबते' हे उत्तर तयार होतं. ज्याच्यावर तोडगा निघू शकतो, असं प्रत्येक कारण बोलणं वाढवतं. दुसऱ्यांदा सांगताना वाक्य तेच ठेवायचं, उलट थोडं आखूड करायचं. आवाजात घाई किंवा वैताग आणायचा नाही. ठामपणा वाक्य न बदलण्यात असतो, आवाज चढवण्यात नाही. आणि शेवटी जेवण, चिंटू, बादली अशा ज्या दोन-तीन फेऱ्या झाल्या, त्या कापू नका. आपल्या घरांतला निरोप असाच लागतो. त्याला मिनिटभर जातं, ते पाच मिनिटांच्या हिशोबात आधीच धरा. 'ठेव बाई' ऐकल्यावर मात्र लगेच लाल बटण दाबा. तिथे रेंगाळलात, तर नवा विषय निघतो.

'रविवारी पहिलं ऐकणार' हे वाक्य खरं करण्यावर सगळं अवलंबून आहे. फोन ठेवल्या ठेवल्या मोबाइलवर टिपून ठेवा: 'प्लंबरची बायको'. रविवारी 'हॅलो' झाल्यावर पहिलं वाक्य तेच: 'हं, काय झालं प्लंबरच्या बायकोचं?' बाजूला ठेवलेला विषय आपोआप परत येतो, हे आत्यांना एकदा दिसलं, की त्या तो आत्ताच सांगून टाकण्याची धडपड करणार नाहीत. पण हे एकदाही विसरलात, तर 'रविवारी' म्हणजे 'नको' असं त्या धरून चालतील आणि ते बरोबरच असेल. जो रविवार पाळता येणार नाही, तो आधी कळवा आणि दुसरी वेळ सांगा.

पहिले दोन-तीन आठवडे जड जातील. साडेसातला फोन येईलच. तो न उचलता गुपचूप वाजू देऊ नका. उचला आणि म्हणा: 'आत्या, पोळ्या चालल्यात. काही तातडीचं आहे का? नसेल तर उद्या पावणेसातला.' टोमणाही येईल: 'तुम्हाला कुठे वेळ असतो आता आमच्यासाठी.' इथे आपण दिवसभर किती राबतो, याचा पाढा वाचायचा मोह होतो. तो आवरा. राबण्याची तुलना सुरू झाली, की त्या बोलण्याला शेवट नाही. 'वेळ कमी पडतो, हे खरंय आत्या. म्हणूनच रोजचा फोन ठरवलाय, तो चुकवणार नाही.' एवढंच. बदल होतोय हे ओळखण्याची खूण अशी, की आत्या महत्त्वाचं आधी सांगू लागतील, किंवा रविवारी 'तुला सांगायला म्हणून लक्षात ठेवलंय' असं म्हणतील. तोवर टोमण्यांवरून काही ठरवू नका.

काही दिवस हे सगळं बाजूला ठेवायचं असतं. काकांच्या श्राद्धाचा दिवस, आजारपणाची बातमी, आवाज कापरा झालेली एखादी संध्याकाळ. त्या दिवशी सात वाजले तरी बसून राहा, पोळ्या मिस्टर बाहेरून आणतील. एरवी वेळ पाळलेली असेल, तर अशा दिवसानं घडी बिघडत नाही.

आणि एक तपासून बघा. तुम्ही पत्रात आत्या काय बोलतात हे लिहिलेलं नाही, त्यामुळे मला अंदाज येत नाही. फोनवर त्या तुमच्या प्रश्नांना भलतंच उत्तर देतात का? तुम्ही बोलायला लागलात की 'हो हो' करून आपलंच पुढे रेटतात का? घरी टीव्ही मोठ्यानं लागलेला असतो का? वयाबरोबर ऐकू कमी येऊ लागलं, की काही माणसं जास्त बोलायला लागतात, कारण आपण बोलत असेपर्यंत दुसऱ्याचं ऐकण्याची कसरत करावी लागत नाही. असं असेल, तर तुमचं 'ठेवते हं' त्यांना नीट पोचतच नसेल. कराडलाच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यायला तुमच्या आतेभावाला सांगा. याउलट, एकाच फोनमध्ये सांगून झालेली गोष्ट आपण सांगितलीच नाही अशा खात्रीनं त्या पुन्हा सांगत असतील, वार विसरत असतील, किंवा पहाटे तीनला संध्याकाळ समजून फोन करत असतील, तर तो बोलक्या स्वभावाचा भाग नाही. आतेभावाला लगेच कळवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आतेभावाशी एरवीसुद्धा एकदा बोला. 'आत्याला तू फोन कर' असं मोघम सांगू नका, त्यातून काही होत नाही. 'बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊ वाजता तुझा फोन' असा वार आणि वेळ ठरवून मागा. आईनं बहिणीपाशी केलेल्या तक्रारी त्याला ऐकवू नका, प्लंबरचं आणि पाठीचं मात्र सांगा.